चिठ्ठीवरचं कलेक्शन सेंटर हेच का? नाशिकमध्ये रक्त देण्याआधी खात्री कशी करायची

मागच्या वर्षी माझे मामा दिंडोरीहून तपासणीसाठी नाशिकला आले. वय ६८. प्रोस्टेटच्या त्रासामुळे दर सहा महिन्यांनी त्यांची पीएसए नावाची रक्ततपासणी होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लॅबचं नाव लिहिलं होतं आणि पुढे फक्त ‘पं. कॉलनी’. मामा सीबीएस बसस्थानकावर उतरले, रिक्षावाल्याला चिठ्ठी दाखवली आणि त्याने त्यांना एका पाटीसमोर सोडलं. पाटीवरचा पहिला शब्द चिठ्ठीवरच्यासारखाच होता, दुसरा वेगळा होता. मामांनी पहिलाच शब्द वाचला, रक्त दिलं आणि संध्याकाळची गाडी धरून गावी गेले.

आधीचे दोन आकडे ५.२ आणि ५.४ होते. या वेळी ६.६ आला. मामींचं जेवण सुटलं. पुढच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी आकड्याआधी रिपोर्टचा माथा पाहिला. म्हणाले, “काका, हा रिपोर्ट आपल्या नेहमीच्या लॅबचा नाही. तिथे पुन्हा करून या, मग बोलू.” नेहमीच्या लॅबमध्ये ५.५ आला. पीएसए मोजणाऱ्या यंत्रांचं प्रमाणीकरण दोन वेगवेगळ्या पद्धतींनी झालेलं असतं आणि त्यामुळे एकाच माणसाच्या आकड्यात वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. दुसऱ्या लॅबने काही चूक केलेली नव्हती. फक्त तो आकडा मामांच्या आधीच्या आकड्यांच्या रांगेत बसवण्याजोगा नव्हता.

तेव्हापासून नात्यातलं कुणीही तपासणीसाठी शहरात आलं की मी त्यांच्याबरोबर जातो, आणि जाता आलं नाही तर फोनवरून खाली लिहिलेलं एकेक करून घेतो. नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी डॉक्टरांना विचारा: हे नाव सुचवलंय की तिथेच करायचंय?

हा प्रश्न दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच विचारायचा. लॅबचं नाव दोन कारणांनी लिहिलेलं असतं. साधं हिमोग्लोबिन, साखर, लघवी अशा तपासण्या असतील तर बहुतेक वेळा डॉक्टर ओळखीच्या लॅबचं नाव फक्त सुचवतात. तपासणी कुठे करायची हे ठरवायचा हक्क रुग्णाचा आहे आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही तो नोंदलेला आहे. त्यामुळे सातपूरला राहणाऱ्याने साध्या साखरेच्या तपासणीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची गरज नाही.

पण काही तपासण्यांमध्ये आधीच्या आकड्याशी तुलना करायची असते. पीएसए, सीए-१२५, सीईए यांसारखे कर्करोगाशी संबंधित आकडे, अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधाची रक्तातली पातळी, थायरॉइडच्या काही तपासण्या. तिथे लॅब बदलली की मोजपट्टीच बदलते. विमा कंपनी किंवा नोकरीच्या ठिकाणी ठरावीक लॅबचाच रिपोर्ट चालतो, तेव्हाही हेच. म्हणून थेट विचारा, “डॉक्टर, हीच लॅब लागेल का, की कुठलीही चालेल?” ‘हीच’ असं उत्तर आलं तर पुढचं सगळं वाचा. ‘कुठलीही’ असं आलं तरी सुई टोचण्याआधीच्या पावतीचा भाग तेवढा वाचाच.

चिठ्ठीवरचा पत्ता तिथल्या तिथे पूर्ण करून घ्या

नाशिकचे पत्ते बाहेरच्या माणसाला चकवतात. पंडित कॉलनी दोन आहेत, जुनी आणि नवी, आणि दोन्हीकडे दवाखाने आणि लॅबच्या पाट्यांची गर्दी आहे. नाशिक रोड हे रस्त्याचं नाव नाही. रेल्वे स्टेशनभोवतीचा तो वेगळा भाग आहे, सीबीएसपासून आठ-दहा किलोमीटरवर. चिठ्ठीवर ‘ना. रोड’ लिहिलंय आणि माणूस शहरातल्या शाखेत जाऊन बसलाय, हे मी दोनदा पाहिलं. कारंजा म्हटलं तर रविवार कारंजा की पंचवटी कारंजा, हे विचारावं लागतं. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड जवळजवळ समांतर जातात, त्यामुळे एकाच लॅबच्या दोन शाखा या दोन रस्त्यांवर असल्या तर लोक हमखास गोंधळतात. सिडकोत तर नुसतं ‘सिडको’ सांगून भागतच नाही. त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर, असं चौकाचं किंवा नगराचं नाव हवं.

म्हणून डॉक्टरांच्या काउंटरवर बसलेल्या ताईंना चिठ्ठी दाखवून तीन गोष्टी लिहून घ्या: लॅबचं पाटीवर असतं तसं पूर्ण नाव, शाखेचा भाग आणि जवळची खूण. नावातला एकही शब्द गाळू नका. साई, ओम, सिटी, लाइफ, केअर असे शब्द कितीतरी लॅबच्या नावात असतात. खरा फरक त्यापुढच्या शब्दात असतो. मामांचा घोळ नेमका त्याच शब्दापाशी झाला.

फोन करा, पण नंबर जुन्या रिपोर्टवरून घ्या

त्या लॅबचा आधीचा रिपोर्ट घरात असेल तर त्याच्या तळाशी मुख्य लॅबचा नंबर छापलेला असतो. तो वापरा. जुना रिपोर्ट नसेल तर लॅबच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा घ्या. नकाशावर शोधून जो नंबर दिसतो त्या एकट्यावर मी विसंबत नाही. नकाशावरच्या नोंदीत कुणीही बदल सुचवू शकतो, एका ठिकाणाच्या दोन-दोन नोंदी असतात आणि बंद पडलेली सेंटर कित्येक महिने तशीच दिसत राहतात. चिठ्ठीबरोबर कुणी हातात दिलेल्या कार्डावरच्या नंबरचंही तसंच. सेंटर त्या लॅबचंच आहे की नाही हे त्या सेंटरलाच विचारलं, तर उत्तर ‘हो’ असंच येणार. मुख्य लॅबला विचारायचं.

फोनवर साधारण असं बोला:

“नमस्कार, मला अमुक भागात तुमचं कलेक्शन सेंटर आहे का ते विचारायचंय. पत्ता असा असा आहे. ते सध्या चालू आहे का? सेंटरचा कोड काय? पीएसए करायची आहे, तिथे सॅम्पल घेतात का, आणि तपासणी कुठल्या लॅबमध्ये होते?”

कोड मागितल्याने दोन गोष्टी होतात. फोनवरच्या माणसाला यादी उघडून बघावी लागते, त्यामुळे ‘हो, असेल’ अशा मोघम उत्तरावर भागत नाही. आणि तोच कोड पुढे पावतीवर किंवा रिपोर्टवर जुळवून बघता येतो. सगळ्याच लॅब कोड छापतात असं नाही. नसेल तर सेंटरचं नाव आणि पत्ता विचारून लिहून घ्या.

शेवटचा प्रश्न अनेकांना जादाचा वाटतो, पण माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. कलेक्शन सेंटरमध्ये बहुतेक वेळा फक्त रक्त काढतात. तपासणी दुसरीकडे होते. एकाच कंपनीचं नाशिकमध्येही यंत्र असतं आणि मुंबईतही, आणि काही तपासण्या इथे तर काही तिथे होतात. तुलनेची तपासणी असेल तर मागच्या वेळी ती जिथे झाली तिथेच या वेळीही होणार आहे का, हे आधीच कळलेलं बरं.

पाटीवर जाऊ नका

सेंटरवर पोचलात की आधी दुकान कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. तीन प्रकार दिसतात. पहिला, लॅबची स्वतःची शाखा. दुसरा, फ्रँचायझी, म्हणजे मालक वेगळा पण काम एकाच लॅबचं. तिसरा प्रकार नवख्याला चकवतो: एकच गाळा, बाहेर तीन-चार लॅबच्या पाट्या आणि आत एकच टेबल. यात बेकायदेशीर काही असेलच असं नाही, पण तुमचं सॅम्पल कुठल्या लॅबला जाईल हे त्या टेबलावर ठरतं. पाटी योग्य असते, नळी मात्र ज्या लॅबचा दर त्या सेंटरला परवडतो तिकडे जाऊ शकते.

फ्रँचायझी असेल तर भिंतीवर सहसा लॅबने दिलेलं अधिकृत सेंटरचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. त्यावर पत्ता आणि मुदत वाचा. पत्ता जुन्या जागेचा असेल किंवा मुदत संपलेली असेल तर सरळ विचारा. नूतनीकरण चालू असेल तर ते तसं सांगतील, आणि मुख्य लॅबला एक फोन केला की खरं-खोटं कळेल. प्रमाणपत्र दिसलं म्हणून मात्र पुढची पायरी सोडू नका.

सुई टोचण्याआधी पावती

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पावती हातात आल्याशिवाय बाही वर करायची नाही. पुष्कळ ठिकाणी आधी रक्त घेतात आणि मग “बाहेर थांबा, पावती देते” म्हणतात. तुम्ही नम्रपणे म्हणा, “ताई, आधी पावती द्या, मग घ्या.” याचं कुणाला वाईट वाटत नाही.

पावती वाचताना वरचा माथा बघा. ती चिठ्ठीवरच्या लॅबच्या नावाने छापलेली हवी. एखाद्या क्लिनिकच्या किंवा सेंटरच्या स्वतःच्याच नावाची असेल आणि लॅबचं नाव कुठेच नसेल, तर सॅम्पल कुठे जाणार ते लेखी नाही, एवढंच त्या कागदावरून सिद्ध होतं. मग रुग्णाचं नाव, वय, तपासणीचं नाव चिठ्ठीशी ताडून बघा. पीएसएमध्ये ‘टोटल’ आणि ‘फ्री’ असे दोन प्रकार आहेत. चिठ्ठीवर एक आणि पावतीवर दुसरं असं होऊ देऊ नका. संदर्भ देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि लॅबने तुमच्या नोंदणीला दिलेला क्रमांकही बघा.

पैसे क्यूआरवर भरत असाल तर ‘पे’ दाबण्याआधी फोनवर कुणाचं नाव येतं ते वाचा. फ्रँचायझीमध्ये ते मालकाचं वैयक्तिक नाव असू शकतं, एवढ्यावरून लगेच फसवणूक ठरत नाही. पण पावती लॅबच्या नावाची नाही आणि पैसेही कुणा वेगळ्याच नावावर जातायत, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर मी उठून बाहेर येतो.

आता सगळ्यात भक्कम पुरावा. मोठ्या लॅबमध्ये नोंदणी झाली की रुग्णाच्या मोबाइलवर लॅबचा मेसेज येतो. त्यातला नोंदणी क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवा. मेसेजमधली लिंक दाबण्यापेक्षा लॅबच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर स्वतः जाऊन तो क्रमांक टाका. तिथे रुग्णाचं नाव आणि ‘सॅम्पल यायचं आहे’ अशा अर्थाची नोंद दिसली की हे सेंटर त्या लॅबच्या व्यवस्थेत खरंच जोडलेलं आहे, हे कळलं. पाटी कुणीही रंगवून घेईल. लॅबच्या संगणकातली नोंद मात्र बाहेरच्या माणसाला करता येत नाही. मेसेज आला नाही तर त्यांच्या संगणकाच्या पडद्यावरची नोंद दाखवायला सांगा, किंवा मुख्य लॅबला फोन करून क्रमांक सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. वृद्ध माणसाबरोबर जाताना मोबाइल नंबर तुमचा द्या. मामांचा मेसेज त्यांच्या साध्या फोनवर आला आणि त्यांनी तो तीन दिवस उघडलाच नाही.

नळीवरचं लेबल तुमच्यासमोर

रक्त घेतल्यावर नळीला बारकोडचं लेबल तुमच्या डोळ्यांसमोर लागलं पाहिजे. लेबलवर नाव आणि पावतीवरचा क्रमांक असतो, तो वाचा. लेबल नसलेल्या नळ्यांत रक्त घेऊन “लेबल मागाहून लावतो” म्हणणाऱ्याला थांबवा. योग्य सेंटर गाठूनही रिपोर्ट दुसऱ्याचा येण्याचा रस्ता तिथूनच सुरू होतो.

घरी माणूस येणार असेल तर

इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूला आता बरेच जण घरीच रक्त देतात. बुकिंग लॅबच्या अ‍ॅपवरून किंवा मुख्य नंबरवरूनच करा. येणाऱ्याचं नाव लॅब आधी कळवते, ते दारात विचारा आणि ओळखपत्र बघा. “आमच्या सेंटरचा माणूस पाठवतो” असं ओळखीच्या कुणी परस्पर सांगितलं असेल तर पावतीची पायरी अजिबात सोडू नका. घरी पाटीच नसते, त्यामुळे कागद आणि मेसेज यांच्याशिवाय तुमच्याजवळ काहीच राहत नाही.

रिपोर्ट आल्यावर

रिपोर्ट आला की आधी आकडा बघायचा मोह होतो, पण एक मिनिट थांबून माथा आणि तळ वाचा. सॅम्पल कुठे घेतलं, लॅबमध्ये किती वाजता पोचलं, तपासणी कुठे झाली, हे बहुतेक रिपोर्टवर लिहिलेलं असतं. सॅम्पल दुसऱ्या लॅबला पाठवलं असेल तर त्या लॅबची नोंद रिपोर्टवर असायला हवी. तपासणीच्या नावाखाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, सीएलआयए, ईसीएलआयए, सीएमआयए अशी. ती मागच्या रिपोर्टशी जुळवा. पद्धत बदललेली दिसली तर लॅबचं नाव तेच असलं तरी डॉक्टरांना तेवढं सांगा.

खाली सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची हवी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. फक्त तंत्रज्ञाची सही असलेला रिपोर्ट कुणी दिला तर तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तसं सांगा.

रिपोर्टवर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचं चिन्ह असेल तर जवळच MC ने सुरू होणारा क्रमांक असतो. nabl-india.org वर लॅब शोधून तो पडताळता येतो. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. ही मान्यता कंपनीच्या नावाला मिळत नाही. ती एका पत्त्यावरच्या एका प्रयोगशाळेला, ठरावीक तपासण्यांसाठी मिळते. मुंबईच्या लॅबला मान्यता आहे म्हणून तिच्या नाशिकच्या लॅबलाही ती आहे असं ठरत नाही. कलेक्शन सेंटरच्या काचेवर चिन्ह चिकटवलेलं असेल तर त्याचा अर्थ तेवढ्याच बेताने घ्यायचा. मान्यता नसलेली लॅब वाईटच असते असंही नाही, नाशिकमध्ये उत्तम काम करणाऱ्या छोट्या लॅब आहेत. तुमचा प्रश्न तपासणी चिठ्ठीवरच्या लॅबनेच केली का, एवढाच आहे.

चुकीच्या ठिकाणी पोचलात तर

रक्त देण्याआधी कळलं तर “चिठ्ठीवर दुसरी लॅब आहे” एवढं सांगून निघा. पैसे भरले असतील तर नोंदणी रद्द करून परत मागा आणि रद्द केल्याचं पावतीवर लिहून घ्या.

रक्त दिल्यावर कळलं तर भांडू नका. तपासणी होऊ द्या, रिपोर्ट घ्या आणि त्यावर पेनने ठळक दिसेल असं लिहा: ‘वेगळी लॅब’. तो फाडून टाकू नका, डॉक्टरांपासून लपवूही नका. डॉक्टर त्यातून जेवढं घेण्यासारखं आहे तेवढं घेतील, आणि पुन्हा करायची की नाही ते तेच ठरवतील. घाबरून स्वतःहून औषध वाढवणं किंवा थांबवणं मात्र करू नका. मामींनी त्या आठवड्यात ओळखीच्या एका माणसाचा काढा आणून ठेवला होता. डॉक्टरांनी तो आधी बाजूला ठेवायला लावला.

आणि सेंटरने चिठ्ठीवरच्याच लॅबचं नाव सांगून सॅम्पल परस्पर दुसरीकडे पाठवलं असेल, तर तो घोटाळा आहे. चिठ्ठी, पावती, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि रिपोर्ट, या चारही गोष्टींचे फोटो एकत्र करून आधी मुख्य लॅबला लेखी कळवा, कारण त्यांच्या नावाचा गैरवापर झालेला असतो. तिथून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पावती नसेल तर तक्रारीत सांगायला फारसं काही उरत नाही. म्हणूनच मी बाही वर करण्याआधी पावती मागतो.